पाच हजार पेशंट बरे केलेत ना, मग लिहा की!

फिजिओथेरपीचं बीपीटीएच झालं, सहा महिन्यांची इंटर्नशिप झाली, आता रेझ्युमे. सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहा, '५०००+ पेशंट ट्रीट केले'. क्लिनिकमध्ये आठच महिने काढलेत, तरी घाबरू नका, कोण हिशोब करतंय!

म्हणजे करतात तसे काही जण. महिन्याचे २५ दिवस, आठ महिने म्हणजे २०० दिवस, ५००० भागिले २०० म्हणजे रोज २५ पेशंट, आठ तासांत प्रत्येकाला जेमतेम १९ मिनिटं, त्यातली १५ मिनिटं आयएफटी मशीनच्या पॅडखाली, मग उरलेल्या चारात असेसमेंट, व्यायाम आणि "काकू, कसं वाटतंय" एवढं सगळं बसवायचं. शिवाय फ्रोजन शोल्डरच्या एकाच काकू १० सिटिंगला येतात, त्या तुम्ही १० काकू म्हणून मोजल्यात. प्रत्येकाला १० सिटिंग धरली तर पेशंट उरतात ५००. पण ५०० लिहिलं तर शोभत नाही ना.

'रोज १२ पेशंट, निम्मे गुडघा बदललेले, दुसऱ्या दिवशी वॉकरवर चालवले, डिस्चार्जपर्यंत ९० अंश वाकवला, गोनिओमीटरने मोजून फाईलला नोंद' असलं काही चुकूनही लिहू नका. वाचणाऱ्याला कळेल की तुम्ही खरंच काम केलंय, मग उगाच कामावर घेतील.

स्पेशलायझेशन? सगळीच. ऑर्थो, न्यूरो, कार्डिओ, स्पोर्ट्स, पेडियाट्रिक. एमपीटीएचवाले दोन वर्षं एकाच विषयात घालवतात, तुमच्याकडे दोन दिवसांच्या वर्कशॉपचं ड्राय नीडलिंगचं सर्टिफिकेट आहे, तेही लॅमिनेट केलेलं.

रजिस्ट्रेशनच्या जागी आयएपीचा मेंबरशिप नंबर टाका. आयएपी ही संघटना, आणि महाराष्ट्रात प्रॅक्टिससाठी लागतं ते राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, असला बारीक फरक एचआरला कशाला सांगायचा! नूतनीकरणाची तारीख उलटली असेल तर ती ओळच बारीक फॉन्टमध्ये.

कामाचं ठिकाण नुसतं 'हॉस्पिटल' लिहा. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची चेस्ट फिजिओ केली, की ओपीडीत हॉट पॅक गुंडाळले, हे वाचणाऱ्याने ओळखावं, त्याचा पगार त्याच कामाचा आहे. (आमच्या एका मित्राने 'आयसीयू अनुभव' लिहिला होता, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तो रोज डबा खायचा.)

मग इंटरव्ह्यू. समोरच्या मॅडम रेझ्युमेवरचं 'न्यूरो' बघून विचारतील, "स्ट्रोकच्या पेशंटचा बॅलन्स कशाने मोजायचा?" तुम्ही ऐटीत बर्ग स्केल म्हणाल, त्या म्हणतील, "छान, किती मार्कांची?"

५६ ची असते. तुम्ही १०० सांगा, राउंड फिगर आहे, आपल्या ५००० शी जुळते.