'दोनच शब्द बोलतो' म्हणून माईक धरणाऱ्यांसाठी

द्वारसभेत युनियनच्या नेत्यांची ओळख करून द्यायची पाळी आज ना उद्या तुमच्यावरही येईल. आमच्या गेटवर गेल्या गुरुवारी ती एका सहकाऱ्यावर आली आणि त्याने माईक २२ मिनिटं सोडला नाही. त्याच्यापासून जे शिकलो, ते तुमच्यासाठी.

सुरुवात लांबून करा. नारायण मेघाजी लोखंड्यांपासून केली तर उत्तमच. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे पहिली पाळी संपवून ४.२० च्या बसकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला सांगणं फार गरजेचं असतं. तिथून हळूहळू आपल्या साहेबांपर्यंत या. मात्र रविवारची सुट्टीही साहेबांनीच मिळवून दिली असं ऐकणाऱ्याला वाटलं, तर ते दुरुस्त करत बसू नका.

विशेषणं मोजू नका. ढाण्या वाघ, बुलंद तोफ, कामगारांचे कैवारी. शाल-श्रीफळ तयार ठेवा.

आता समतोल. एचआरचे साहेब गेटच्या आत उभे असतील तोवर 'मॅनेजमेंट म्हणजे आपले मायबाप' म्हणा. ते केबिनकडे वळले की तेच मॅनेजमेंट 'रक्तपिपासू' करा. एका भाषणात दोन्ही झालं की दोन्ही बाजूंना न्याय मिळाला. आणि मागणीपत्र देऊन चौदा महिने झाले, हे कंपनीच्या नावाने खडे फोडत सांगा. ठरलेल्या नऊ बैठकांपैकी दोन आपल्याच साहेबांना नागपूरला जायचं होतं म्हणून रद्द झाल्या, हे कशाला काढायचं? एचआरवाल्यांकडे त्याची पत्रं आहेत, पण ते थोडेच सभेत बोलणार आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडा. तो नेत्यांना बोलूच देऊ नका, ओळखीतच फोडा. 'साहेबांनी आपल्याला बारा हजारांची वाढ मिळवून दिली आहे!' टाळ्या. बारा हजार तीन वर्षांत मिळून, हे सांगू नका. पहिल्या वर्षी सहा, मग तीन आणि तीन. त्या सहातलेही १,४०० रुपये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि मेडिक्लेमचा हप्ता यांत जाणार. मूळ पगारात येणार ४,६००, त्यातून आपला स्वतःचा पीएफ कापून हातात पडणार चार हजारांच्या आसपास. शेजारच्या बाकावरच्या पोराने टाळ्या वाजवता वाजवता मोबाईलवर बुलेटचा हप्ता काढला, बारा हजारांच्या हिशोबाने. आता पहिली पगाराची स्लिप हातात पडली की तो कोणाला शिव्या घालणार? साहेबांना. आणि कंपनीने फसवलं म्हणून कंपनीलाही. दोघांनीही बारा हजार हातात देतो असं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते माईकवाल्याने! आणि 'मिळवून दिली' कुठली? सही झालेली नाही. तो अजून मसुदा आहे, त्यातल्या नवव्या कलमात एका पाळीला ४२० ऐवजी ४८० नग काढायचे आहेत, आणि सभा त्यासाठीच बोलावली होती. करार झालाच असं जाहीर केल्यावर उठून 'मला नववं कलम मान्य नाही' कोण म्हणणार? म्हणाला तर तो साहेबांच्या विरोधात. आणि सभासदांनी पुढे मसुदा फेटाळलाच, तर मॅनेजमेंट म्हणणार, तुमच्याच सभेत टाळ्या पडल्या होत्या की.

नेत्यांचं नाव सर्वात शेवटी घ्या.

नेते सहा मिनिटं बोलले. 'कोणाला काही विचारायचं आहे का' म्हणाले तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि निम्मी सभा बसकडे पळाली. त्यात मीही होतो.

बस्स झालं. माईक हातात घेणाऱ्या भल्या माणसा, तुझं काम दोन मिनिटांचं होतं. हे आपले सरचिटणीस, मागच्या निवडणुकीत निवडून आलेले. मागचा करार यांनीच केला. त्यात वाढ मिळाली आणि बदल्यात आपण चहाच्या सुट्टीतली पाच मिनिटं दिली. या वेळी सात बैठका झाल्या, दोन आपल्यामुळे हुकल्या. कंपनी ४८० नगांवर अडून आहे, आपण ४५० म्हणतोय. हा मसुदा आहे, सही व्हायची आहे, नववं कलम नीट ऐका आणि विचारा. एवढं बोलला असतास तर एचआरच्या साहेबांनाही एक अक्षर खोडता आलं नसतं आणि आम्हालाही.

त्या नेत्याला आम्ही सोळा वर्षं ओळखतो रे, एकाच कँटीनची डाळ खातो. नगांचं विचारायला मी चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून आणले होते. चिठ्ठी अजून खिशात आहे आणि सोमवारी सही आहे.