घड्याळ गरम झाले म्हणून बॅटरी बाद झाली, असे नव्हे

“स्मार्टवॉच चार्जिंगला लावल्यावर किंवा व्यायाम करताना गरम झालं, तर बॅटरी बाद झाली समजा. ती कधीही फुटू शकते. लगेच फ्रीजमध्ये ठेवून थंड करा.”

असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो तपासताना चार्जिंगपासून सुरुवात करू. अनेक स्मार्टवॉच बिनतारी पद्धतीने चार्ज होतात आणि चार्जरमधील वेटोळ्यातून घड्याळातील वेटोळ्याकडे जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग वाटेतच उष्णतेत बदलतो, त्यामुळे मागचे झाकण कोमट लागणे हा त्या पद्धतीचाच भाग आहे. बॅटरी रिकामी असताना तिच्यात जास्त प्रवाह जातो आणि ती भरत आली की तो कमी होत जातो, म्हणून निरोगी घड्याळ सुरुवातीला अधिक तापते आणि शेवटी निवते. पूर्ण भरल्यावरही ते तापतच राहिले, तर मात्र शंका घ्यावी.

नागपूरचा मे महिना येथे विसरता येत नाही. फुटाळा तलावावरून संध्याकाळी चालून आलेल्या माणसाने घामेजलेले घड्याळ कूलर बंद असलेल्या खोलीत, खिडकीशेजारी, लगेच चार्जरवर ठेवले, तर खोलीचेच तापमान 38 अंशांच्या घरात असू शकते. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, त्यामुळे घड्याळ स्वतःहून चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. लोक यालाच बिघाड म्हणतात, वास्तविक ही सुरक्षा व्यवस्था आहे. तेच घड्याळ पुसून, अर्धा तास निवू देऊन, गादीऐवजी उघड्या टेबलावर चार्ज केल्यावर नीट वागले, तर दोष परिस्थितीचा होता.

व्यायामात जीपीएस, हृदयगती मोजणारे दिवे आणि उन्हात पूर्ण उजळलेला पडदा एकाच वेळी चालतात, त्यात तापलेल्या मनगटाची भर पडते. ही ऊब सर्वत्र सारखी असते आणि व्यायाम संपल्यावर ओसरते. एकाच जागी चटका बसत असेल, तर घड्याळ तत्काळ काढावे.

फुटण्याची भीती सर्वस्वी निराधार नाही. मार्च 2022 मध्ये आयॉनिक हे फिटबिटचे घड्याळ भाजल्याच्या तक्रारींमुळे परत मागवण्यात आले होते. पण धोक्याच्या खुणा वेगळ्या असतात: वापर नसताना तापणे, चार्ज झपाट्याने उतरणे, उग्र गोडसर वास येणे आणि पडदा किंवा मागचे झाकण किंचित उचलले जाणे.

फ्रीजचा सल्ला तर सरळ घातक आहे. थंड घड्याळ बाहेरच्या दमट हवेत आले की त्यावर, क्वचित आतही, दव जमते, आणि फुगलेली बॅटरी गारव्याने पूर्ववत होत नाही. अशी खूण दिसल्यास चार्जरवरून काढून घड्याळ बंद करावे, उचललेले झाकण दाबून बसवू नये आणि ते कचऱ्यात न टाकता सेवा केंद्रात द्यावे.