भाव पडू द्या, काम तुमच्या दारी येईल

हाताला काम नसेल तर आधी घाबरणं थांबवा. कापसाची वेचणी आटोपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, तूर सोंगून झाली आणि आता पाऊस येईपर्यंत पारावर बसणं एवढंच उरलं, तरी तुमच्या गावात बेकारी आहे असं कृपया म्हणू नका. सनातनपंथी अर्थशास्त्राच्या हिशोबाने तुम्ही फक्त जास्त मजुरी मागताय. ३०० रुपये रोज मागत असाल तर २५० मागा. तरी कोणी बोलावलं नाही तर २००. कुठल्या तरी आकड्यावर कोणीतरी कास्तकार तुम्हाला हाक मारेलच. नाहीच मारली, तर तुमचा आकडा अजून मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ.

या सुंदर उपायात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली खोडा घातला. त्यांचं म्हणणं असं की एकट्याने मजुरी कमी केली तर त्याला काम मिळेल, पण सगळ्यांनीच केली तर? मजुरी उतरली की माल बनवायचा खर्च उतरतो, त्यापाठोपाठ मालाचे भाव उतरतात, आणि तो माल विकत घेणारे तर हेच मजूर. मजुरी पाचव्या हिश्शाने कमी, भावही पाचव्या हिश्शाने कमी. किराणा दुकानातून जेवढा माल कालपर्यंत उठत होता तेवढाच आजही उठणार. मग जास्तीचा माणूस कामावर कशासाठी ठेवायचा? यावर जुन्या पंथाच्या अर्थतज्ज्ञांचं उत्तर तयार होतं. भाव उतरले की व्यवहाराला पैसा कमी लागतो, उरलेला पैसा कर्जाऊ द्यायला मोकळा होतो, व्याज उतरतं, आणि स्वस्त व्याजावर कोणीतरी विहीर खोदायला घेतो. केन्स म्हणाले, घोर मंदीत व्याज एका पातळीखाली उतरायलाच तयार नसतं, आणि उतरलं तरी माल विकला जात नसताना विहीर कोण खोदतो?

इथे कोणी साधा माणूस असता तर वाद सोडून घरी गेला असता. पण अर्थतज्ज्ञ गॉटफ्रीड हाबरलर आणि केंब्रिजचे प्राध्यापक ए. सी. पिगू यांनी तुमच्या घरातला तांदळाचा डबा शोधून काढला. आधी हाबरलर यांनी, मग १९४३ मध्ये पिगूंनी दाखवून दिलं की केन्स डब्यात ठेवलेली नोट विसरले. समजा, काकूंनी डब्यात १०,००० रुपये लपवले आहेत. सगळ्या किमती पाचव्या हिश्शाने उतरल्या तर त्या १०,००० मध्ये आता तेवढा माल येतो जेवढ्याला आधी १२,५०० लागायचे. काकू काही न करता श्रीमंत झाल्या. साठवायची निकड कमी झाली, म्हणून त्या लुगडं घेतील, पितळी गुंड घेतील, खर्च वाढवतील. तेवढ्याने बेकारी हटली नाही तर भाव आणखी पडू द्या. भाव निम्मे झाले की डबा दुप्पट, भाव दहावा हिस्सा झाले की डबा दहापट. व्याजाला तळ असेल, या शिलकीला वर छप्पर नाही. कधी ना कधी काकू एवढ्या श्रीमंत होतील की त्यांच्या खरेदीनेच सगळ्या गावाला काम मिळेल. डॉन पॅटिंकिन यांनी १९४८ मध्ये याला ‘पिगू परिणाम’ असं नाव दिलं आणि पुढे पैशाच्या खऱ्या शिलकीचा, म्हणजे शिलकीतल्या पैशात किती माल येतो याचा, सगळा सिद्धांत त्यावर उभा केला.

युक्तिवाद बिनतोड आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. किमती आणि मजुरी खरोखर मोकळ्या असतील तर बेकारी कायमची ठाण मांडून बसू शकत नाही, एवढं कागदावर सिद्ध होतं. तुम्ही फक्त त्या कागदावर राहायला जायचं आहे.

जाण्याआधी डबा मात्र नीट तपासा, कारण त्यात काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. पोलंडचे मिखाल कालेत्स्की यांनी १९४४ मध्ये अगदी छोट्याशा टिपणात पिगूंच्या डब्यात हात घातला. बँकेतली तुमची ठेव ही बँकेने दुसऱ्या कोणाला दिलेलं कर्जच असते. भाव पडले की ठेवीदार जेवढा फुगतो तेवढाच कर्जदार आत जातो, बेरीज शून्य. फुकटची श्रीमंती मिळते ती फक्त अशा पैशावर, ज्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी कर्जदार बसलेला नाही. त्यांच्या काळी ते सोनं होतं. आपल्या गावात त्या जागी सरकारी नोट धरा. म्हणजे सोसायटी, जिल्हा बँक, बचत गट, सावकार हे सगळं वजा करून उरतील त्या घराघरांत दडवलेल्या नोटा.

आता हिशोब करू. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या गावाचे घाला. गावाचा वर्षाचा खर्च १ कोटी रुपये, आणि सगळ्यांना काम मिळायला आणखी १० लाखांची खरेदी हवी. घराघरांतल्या नोटा मिळून ५ लाख. लोक उदार आहेत असं धरू आणि संपत्ती १ रुपयाने वाढली की वर्षाला १० पैसे जास्त खर्च करतात असं मानू. मग १० लाखांची जादा खरेदी व्हायला डब्यांची खरी किंमत १ कोटीने वाढायला हवी, म्हणजे ५ लाखांच्या नोटांनी १ कोटी ५ लाखांचं काम करायला हवं. त्यासाठी भाव किती पडायला हवेत? एकविसावा हिस्सा उरेपर्यंत. १० रुपयांचा चहा ४८ पैशांना आणि तुमची ३०० ची रोजी साधारण १४ रुपये. मन घट्ट करा, काम जवळ आलं आहे.

हे पारावर समजावून सांगाल तेव्हा कोणीतरी सालदार विचारेल, “मंग सोसायटीच्या कर्जाचा आकडाही उतरन काय भाऊ?” त्याला खाली बसवा. अशा प्रश्नांनीच सिद्धांत बिघडतात. कारण कर्जाचा आकडा हीच गावातली एक अशी वस्तू आहे जिचा भाव पडत नाही. कास्तकारावर १,४०,००० रुपयांचं कर्ज आहे आणि कापूस ७,००० रुपये क्विंटल आहे असं धरा. आज ते २० क्विंटलचं कर्ज आहे. कापूस ५,६०० वर आला की २५ क्विंटलचं झालं. आणि वरच्या हिशोबाप्रमाणे भाव एकविसावा हिस्सा झाले की ते होतं ४२० क्विंटलचं. कोरडवाहू पाच एकरांत बऱ्या साली ३० क्विंटल निघतो असं धरलं, तर व्याज सोडून, घरी एक बोंडही न ठेवता १४ वर्षांचा कापूस.

तुम्ही म्हणाल, कास्तकाराचं जेवढं गेलं तेवढं कर्ज देणाऱ्याला मिळालं, मग खरेदी का घटावी? बेरीज शून्य असते ती वहीत. कर्जदार झाला तोच मुळी हातात येईल ते खर्चावं लागतं म्हणून. त्याचे १०० गेले तर तो चहा-साखर, औषधं, पोरांची फी यांतून जवळपास १०० कापतो. कर्ज देणाऱ्याला १०० मिळाले तर तो त्यातले बरेचसे तिजोरीत ठेवतो. शिवाय ४२० क्विंटल येणारच नाहीत. कास्तकार बुडेल, मग सोसायटी, मग जिल्हा बँक, आणि शेवटी ज्या ठेवीदाराने स्वतःला श्रीमंत समजून फटफटी बुक केली होती तो बँकेच्या दारात रांगेत उभा राहील. तेव्हा पिगू परिणामाचा लाभ घ्यायचा असेल तर मंदी येण्याआधी गावातलं सगळं कर्ज फेडून टाका. मंदीत हे जमणार नाही.

या उपायाचा मोठा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. १९२९ ते १९३३ मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या किमती साधारण चौथ्या हिश्शाने उतरल्या. डबे चांगलेच फुगले. आणि बेकारी वाढून साधारण चौथ्या हिश्शावर गेली, हजारो बँका बंद झाल्या. अमेरिकेचेच अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये लिहिलं की सगळे कर्जदार एकदम माल विकून फेडायला धावतात तेव्हा भाव आणखी पडतात, म्हणून जितकं फेडावं तितकं देणं वाढत जातं. हे फक्त तिकडचंच नव्हतं. शेतमालाचे भाव इथेही कोसळले, आणि त्याच १९३३ मध्ये मध्यप्रांताच्या सरकारला कर्ज तडजोडीचा कायदा करून शेतकऱ्यांच्या कर्जाचे आकडेच खाली आणण्याची सोय करावी लागली. म्हणजे सालदाराचा प्रश्न सरकारला पडला होता.

अजून एक पथ्य आहे. भाव हळूहळू पडू देऊ नका. मोटारपंप आज २०,००० चा आहे आणि पुढच्या महिन्यात १८,००० चा होणार हे कळलं की शहाणा माणूस आज घेत नाही, आणि तोच मग पुढच्या महिन्यात १६,००० ची वाट पाहतो. पिगूंनी तुलना केली ती दोन पातळ्यांची, उंच भाव आणि खालचे भाव. मधल्या जिन्यावर काय होतं ते त्यांच्या गणितात नव्हतं. म्हणून एका रात्रीत ग्रामसभा घ्या आणि सगळं एकदम एकविसावा हिस्सा करा: ज्वारी, युरिया, शाळेची फी, मोबाइलचा रिचार्ज, विजेचं बिल. गुढीपाडव्याला ठरलेलं सालदाराचं वर्षाचं सालही. त्याने घेतलेली उचल मात्र जुन्याच आकड्यात राहील, ते कर्ज आहे. आणि सकाळी सर्वांना शपथ घालून सांगा की आता भाव यापुढे कधीच उतरणार नाहीत. नुसता कापसाचा भाव पडून उपयोग नाही बरं; तो प्रयोग आपण दरवर्षी करतो, त्यात श्रीमंत होतात ते कापूस विकत घेणारे.

स्वतः पिगूंना याची कल्पना होती. १९४७ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की ही कोडी म्हणजे विद्वानांचा व्यायाम आहे, प्रत्यक्ष आयुष्याच्या पटावर ती मांडली जाण्याची शक्यता फार कमी. त्यांच्या शिष्यांना मात्र धीर धरण्याची सवय लागली होती.

महाराष्ट्राला धीर नव्हता. १९७२ च्या दुष्काळात भाव पडायची वाट न पाहता लोकांना बांधांवर आणि रस्त्यांवर कामाला लावलं, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, आणि हमीच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून १९७५ पासूनच व्यवसाय कर कापायला घेतला होता. पैसा ज्यांच्याकडे साठत होता त्यांच्याकडून ज्यांच्याकडे टिकत नाही त्यांच्याकडे गेला, आणि कोणाच्याही कर्जाचा आकडा त्यासाठी वाढावा लागला नाही. असल्या आडवाटेला तुम्ही लागू नका. पांदण रस्त्याच्या कामावर बोलवायला ग्रामरोजगार सेवक आलाच, तर त्याला सांगा की माझी रोजी अजून १४ रुपयांवर आलेली नाही, आल्यावर कळवतो.