"स्टेटस काय आहे?" असं विचारू नका

गेली नऊ वर्षं मी सपोर्ट डेस्कवर काम करते. लोकांचे मेल वाचणं, तिकिटं म्हणजे तक्रारींच्या नोंदी पुढे सरकवणं हाच माझा दिवस. तरीही जुलैमध्ये माझ्या मावसबहिणीचं तिकीट अडकलं, तेव्हा पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. तेव्हा जे दिसलं ते लिहून ठेवते आहे.

मुलीच्या कॉलेजची ४८,५०० रुपये फी तिने मंगळवारी, १५ जुलैला संध्याकाळी यूपीआयने भरली. खात्यातून पैसे गेले, बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसत होता, पण फीच्या पोर्टलवर "पेंडिंग". पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला तिने त्याच रात्री मेल केला. तिकीट नंबर आला, #48213. फी भरायची शेवटची मुदत होती सोमवार, २१ जुलै, संध्याकाळी ५.

शुक्रवारी रात्री तिचा फोन आला. "ताई, चार मेल केले, कुणी उत्तरच देत नाही. सीट जाईल गं."

मी तिचा मेलबॉक्स उघडायला लावला. चार मेल होते, चारही नवीन. विषय "अर्जंट", "प्लीज हेल्प", "व्हेरी अर्जंट" असे. प्रत्येक मेलला आपोआप नवा तिकीट नंबर मिळाला होता. आणि स्पॅममध्ये पडून होतं बुधवारी सकाळीच आलेलं उत्तर: "यूटीआर नंबर आणि बँक स्टेटमेंटमधली नोंद पाठवा."

यूटीआर म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक. इथेच सगळं अडकलं होतं. आम्ही ग्राहकाकडे माहिती मागतो तेव्हा तिकिटाची अवस्था "ग्राहकाच्या उत्तराची वाट" अशी होते, आणि बहुतेक ठिकाणी त्या क्षणी उत्तराच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. ते तिकीट "उशीर झालेली" या यादीत येतच नाही. नवीन मेल नव्या तिकिटावर जातो, जुन्याचं घड्याळ तसंच बंद राहतं. त्यातही नवीन तिकीट दुसऱ्याच माणसाकडे जातं, तो पहिल्यापासून वाचायला लागतो. बहिणीला वाटत होतं की ती पाठपुरावा करते आहे. डेस्कच्या बाजूने पाहिलं तर तिच्याकडून तीन दिवसांत उत्तरच आलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, "स्टेटस काय आहे" हा प्रश्न पुरेसा नाही. त्याला "काम चालू आहे" हे उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. विचारायचं असतं ते असं: तिकीट आत्ता कोणाकडे आहे, आणि कशासाठी थांबलं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर समोरच्याला तिकीट उघडून शेवटची नोंद वाचावीच लागते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून एकच मेल लिहिला. स्पॅममधल्या त्या उत्तरालाच "रिप्लाय" केला, विषयाची ओळ तशीच ठेवली, कारण तिथल्या [#48213] या खुणेवरूनच मेल जुन्या तिकिटाला जोडला जातो. मेल इंग्रजीत होता, मजकूर मराठीत देते:

"तिकीट #48213 बाबत. १५ जुलै, संध्याकाळी ७.४२ ला ४८,५०० रुपये यूपीआयने भरले. १२ आकडी यूटीआर आणि विद्यार्थिनीचा अर्ज क्रमांक खाली दिला आहे. बँकेत व्यवहार यशस्वी आहे, पोर्टलवर पेंडिंग आहे.

१६ तारखेला तुम्ही मागितलेली स्टेटमेंटमधली नोंद सोबत जोडली आहे. तुमचा मेल स्पॅममध्ये गेल्याने उशीर झाला. याच विषयावर माझ्याकडून आणखी तीन तिकिटं तयार झाली आहेत, त्यांचे नंबर खाली आहेत. ती यातच जोडून घ्यावीत.

फी भरण्याची मुदत सोमवार, २१ जुलै, संध्याकाळी ५ पर्यंत आहे. कॉलेजची सूचना जोडली आहे. पैसे तुमच्याकडे जमा झाले असतील तर पावती द्यावी. झाले नसतील तर तसं लेखी कळवावं, म्हणजे मुदतीच्या आत मला पुन्हा भरता येतील. दोन्हीपैकी काय आहे, हे आज कळू शकेल का? तिकीट सध्या कोणाकडे आहे आणि आमच्याकडून आणखी काही हवं आहे का?"

शेवटचा परिच्छेद लिहायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. बहिणीला लिहायचं होतं की मुलगी दोन दिवस जेवली नाही. ते खरं होतं, आणि माझाही जीव तुटत होता. पण डेस्कवरचा माणूस प्राधान्य ठरवतो ते दोन गोष्टींवर: नुकसान किती, आणि कधीपर्यंत टाळता येईल. "अर्जंट" हा शब्द मी रोज इतक्या मेलांत वाचते की त्यावरून निवड करताच येत नाही. "सोमवार, ५ वाजता" यावरून येते.

दोन पर्याय देण्यामागेही कारण होतं. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये खात्यातून पैसे गेले, पण पलीकडे खात्री पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. दिवस कॅलेंडरचे धरतात, सुट्टी वगळत नाहीत. म्हणजे तिचे पैसे रविवारी, २० तारखेला परत येण्याची शक्यता होती, आणि मग हातात एकच दिवस उरला असता. पण पैसे खरोखर पलीकडे पोहोचले असतील आणि फक्त पोर्टलने नोंद घेतली नसेल, तर बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण आहे, काहीच परत येणार नाही. अशा वेळी बँकेशी भांडून उपयोग नसतो. पोर्टलवाल्यांनाच पेमेंट गेटवेच्या, म्हणजे त्यांच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेच्या, नोंदींशी ताळा करून तो भरणा दाखवावा लागतो. त्यासाठी त्यांना यूटीआर लागतो; स्क्रीनशॉटवर तो दिसत नसेल तर त्या स्क्रीनशॉटचा काहीच उपयोग नाही.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. पैसे गेटवेकडे जमा आहेत, नोंद करायला पुढच्या टीमकडे दिलं आहे. आणि संध्याकाळी तिकीट "रिझॉल्व्ड". बहीण रडायलाच लागली. मी म्हटलं, आधी पोर्टल उघड. पोर्टलवर अजून पेंडिंगच होतं.

हे आमच्या बाजूचं चुकतं, आणि मी ते आमच्या टीममध्येही बोलते. काम पुढच्या टीमकडे दिलं म्हणजे ते झालं नाही. ग्राहकाकडून माहिती मागवून घड्याळ थांबवलं, तर दुसऱ्या दिवशी एक फोन करायला हवा. तिचा नंबर तिकिटात होता. फीसारख्या प्रकरणात तर नक्कीच.

"रिझॉल्व्ड" झालेलं तिकीट काही दिवसांनी कायमचं बंद होतं. त्याआधी उत्तर दिलं तर बहुतेक ठिकाणी ते पुन्हा उघडतं. आम्ही लगेच लिहिलं, "पोर्टलवर अजून पेंडिंग आहे, पावती निघत नाही," आणि त्या वेळचा स्क्रीनशॉट जोडला.

एक गोष्ट तिला मी करू दिली नाही. ती सगळा तपशील फेसबुकवर कंपनीला टॅग करून टाकणार होती. अशा पोस्टखाली कस्टमर केअरच्या नावाने भामटे येतात, तिकीट नंबर आणि रक्कम तुमच्याच पोस्टमधून उचलून विश्वास बसवतात आणि लिंक पाठवतात किंवा ओटीपी मागतात.

सोमवारी सकाळी ११ च्या सुमारास पावती निघाली. तिने अर्ज क्रमांक, नाव आणि रक्कम तपासली, पीडीएफ कॉलेजला पाठवली, आणि मग मला फोन केला. मागून मुलीचा आवाज येत होता, "मावशीला सांग, मी जेवले."