जिंतूरच्या तुरीबद्दल चार ओळी

परदेशात पीएच.डी.साठी प्रोफेसरला पहिली मेल छोटी आणि त्याच्याच कामाबद्दल लिहावी, असं मी सांगितल्यावर कॉलेजातल्या एका सरांनी विचारलं: "एवढ्याशा मेलमध्ये काय सांगणार? आमची पोरं परभणी-हिंगोलीची, तिकडं त्यांना कोण ओळखतं? मार्क, मेहनत, घरची परिस्थिती लिहिल्याशिवाय प्रोफेसरला कळायचं कसं? तुमचा सल्ला पुण्या-मुंबईच्या पोरांपुरता आहे."

सर, जिंतूरकडच्याच एका मुलीचं सांगतो. एम.एस्सी.ला तिनं तुरीच्या मर रोगावर काम केलेलं. पहिली मेल दीड पानाची होती. दहावीपासूनचे टक्के, वडिलांची कोरडवाहू शेती, आणि शेवटी 'कुठल्याही विषयावर काम करायला तयार आहे'. 35 जणांना तीच मेल गेली, उत्तर एकाचंही नाही. मी तिला म्हटलं, प्रोफेसरचं नाव खोडून दुसरं घाल, मेल तशीच चालते का बघ. चालत होती. अडलं होतं ते तिथंच.

मग तिनं जर्मनीतल्या एकाच प्रयोगशाळेचा पेपर निवडला आणि सारांशावर न थांबता प्रयोगाच्या पद्धतीसकट वाचून काढला. नवी मेल अर्थात इंग्रजीत होती. मराठीत ती साधारण अशी:

'विषय: तुरीची मर आणि जमिनीतली ओल, पीएच.डी.बाबत विचारणा.

तुमच्या पेपरात रोपांना नियमित पाणी देऊन मर आणणाऱ्या फ्युझॅरियम बुरशीची लागण तपासली आहे. आमच्या काळ्या जमिनीत मर जास्त दिसते ती फुलोऱ्यात, पाऊस संपून ओल तुटायला लागल्यावर. मी 2 हंगाम 6 शेतांत वाळलेली झाडं उभी चिरून, खोडातल्या काळपट रेघा बघून नोंदी ठेवल्या आहेत. पाण्याचा ताण देऊन हीच चाचणी तुमच्याकडे झाली आहे का? पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार असाल, तर दोन पानी आराखडा पाठवू का? सीव्ही जोडला आहे.'

आठवड्यानं उत्तर आलं. सध्या निधी नाही, पण ताण देऊन चाचणी केलेली नाही, आराखडा पाठवा.

तिला तिकडं कुणीच ओळखत नव्हतं. पण ती 6 शेतं त्या प्रोफेसरकडे नव्हती, तिच्याकडे होती. मार्क सीव्हीत दिसतातच, आणि घरची परिस्थिती शिष्यवृत्तीच्या अर्जात विचारली तर तिथं जरूर लिहावी. एक वाक्य मात्र मी तिला काढायला लावलं, 'बुरशीचे नमुने सोबत आणीन'. जैवविविधता कायद्याच्या परवानग्यांशिवाय असं आश्वासन देता येत नाही.

हे सगळीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. जर्मनीत स्वतंत्र पीएच.डी. करायची तर आधी मार्गदर्शक शोधावा लागतो, म्हणून तिथं अशा मेलला वजन असतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रवेश कुणाला द्यायचा हे त्या विभागाची समिती ठरवते. तिथं 'यंदा विद्यार्थी घेताय का' एवढंच विचारावं आणि अर्ज वेळेत भरावा. उत्तर नाही आलं, तर दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवावी. एकदाच.

तुमच्या कॉलेजातल्या कुणाचा मसुदा तयार असेल तर मला जरूर पाठवा, पण ज्या पेपरवरून लिहिलाय तो सोबत जोडा. प्रश्नाचं उत्तर त्या पेपरातच दिलेलं आहे का, हे मी आधी बघतो.