बारशाचे कपडे आधी पाण्यातून काढाच

सध्या आयांमध्ये असा एक मेसेज फिरतोय: «बाळाचे नवे कपडे सीलबंद पॅकेटमधले असतील तर धुवू नका. कंपनीत जंतुमुक्त करूनच पॅक करतात, आणि धुतले की कोरेपणा जातो, शुभ राहत नाही. नंतर धुताना 'बेबी' लिहिलेलं लिक्विड भरपूर घाला, फेस जास्त तेवढी स्वच्छता जास्त. शेवटच्या पाण्यात दोन झाकणं अँटिसेप्टिक टाका आणि तसेच वाळत घाला. सगळ्या आयांना पाठवा.»

मी राहते कोल्हापुरात, नोकरी इचलकरंजीत, प्रोसेस हाउसमध्ये कापड तपासायची. त्यामुळे पॅकेटपासूनच सुरुवात करते. कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग, शिलाई, धागे कापणं, चेकिंग, इस्त्री, घडी आणि पॅकिंग एवढंच होतं. जंतुमुक्त करायचा टप्पा त्यात नसतो. पिशवी धूळ लागू नये म्हणून असते. कापडात आधीपासून जे आहे ते तिच्यात तसंच राहतं.

कापडात काय असतं? लंगोटाच्या मलमलीचं बघा. मागावर चढण्याआधी ताण्याचं सूत सायझिंगला जातं. तिथं त्याला स्टार्चची किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाची खळ बसते, नाहीतर माग चालताना तार तुटते. प्रोसेसला आल्यावर ही खळ काढतात. ती नीट निघाली का हे बघायला आम्ही कापडावर आयोडीनचा थेंब टाकतो. निळं पडलं तर स्टार्च अजून आत आहे. पुढे ब्लीच, रंग आणि शेवटी फिनिशिंग. हाताला मऊ लागावं म्हणून सॉफ्टनर, किंवा अंग भरीव वाटावं म्हणून परत खळ. होजिअरीच्या झबल्याच्या सुताला सायझिंग लागत नाही, पण सॉफ्टनर त्यालाही असतो, आणि छातीवर हत्ती-सशाचं चित्र असेल तर तिथं पिगमेंटची छपाई असते. बोटाला जो भाग जरा कडक, रबरासारखा लागतो तो छपाईचा. ती पक्की धरून ठेवणाऱ्या बाइंडरमधून आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड हा कातडीला त्रास देणारा वायू सुटू शकतो. जपानमध्ये 24 महिन्यांखालच्या बाळांच्या कपड्यांत तो सापडताच कामा नये असा नियम आहे. हा वायू बंद पिशवीत एका कपड्यातून शेजारच्या कपड्यात जाऊन बसतो. मात्र तो पाण्यात विरघळतो, म्हणून मोकळा असलेला बराचसा भाग साध्या धुण्यानं निघून जातो. रेझिनला बांधलेला भाग घामानं, दमटपणानं हळूहळू सुटत राहतो. त्यामुळे बाळासाठी 'सुरकुत्या न पडणारं' कापड घेऊच नये.

प्रत्येक बाळाला नव्या कपड्यानं पुरळ येतं असं मी म्हणत नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण नवजात बाळाच्या कातडीचा वरचा थर पातळ असतो आणि मोठ्यांच्या कातडीचा आम्लपणा तिला जन्मल्या जन्मल्या आलेला नसतो. एका धुण्यात टळणारी गोष्ट तिच्यावर कशाला ठेवायची?

शुभाचं म्हणाल, तर पहिले दिवस बाळाला आजीच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळायची रीत आपलीच आहे. ते लुगडं किती वेळा धुतलेलं असायचं! फक्त तेच कापड ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेलं असेल तर बाळाला लावू नका. काही बाळांच्या रक्तात G6PD नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या नुसत्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ भडकू शकते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतं.

मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला शेवटच्या पाण्याचा आहे. साबण निदान खळबळून जातो. शेवटच्या पाण्यात घातलेलं मात्र कापडात राहावं म्हणूनच घातलेलं असतं, आणि पाणी उडून गेलं की तेवढंच मागे उरतं. 1967 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या एका प्रसूतिगृहात लाँड्रीच्या शेवटच्या पाण्यात बुरशीविरोधी पावडर जास्त पडत होती. तिच्यातलं पेंटाक्लोरोफेनॉल लंगोटांतून, चादरींतून बाळांच्या अंगात गेलं. बाळं घामानं निथळू लागली आणि दोन दगावली. आपल्याकडचं अँटिसेप्टिक ते रसायन नव्हे, इतकं विषारीही नव्हे. पण बाटलीतला द्रव कातडीला चुरचुरतो हे कुणालाही ठाऊक आहे, आणि ओल्या लंगोटाखाली तो तासन्‌तास कातडीला चिकटून राहतो. जंतूंसाठी धुणं, ऊन आणि इस्त्री पुरते. पावसाळ्यात ऊन नसेल तर कपडे पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. सुगंधी सॉफ्टनरचंही तेच. तो कापडात राहतो, आणि लंगोटाची पाणी शोषायची ताकदही कमी करतो.

फेसाबद्दल. बारशासाठी सहा लंगोट, चार झबली, दोन दुपटी आणि खणाची एक कुंची आणली आहे असं धरा. कुंची बाजूला ठेवा. लेबलं कापून टाका, त्यांची टोकंच मानेला टोचतात. अर्ध्या बादलीत, म्हणजे साधारण दहा लिटर कोमट पाण्यात, बिनवासाचं सौम्य लिक्विड एक छोटा चमचा पुरे. अर्धा तास भिजवा, हातानं चोळा, मग तीन स्वच्छ पाण्यांतून काढा, दर वेळी पिळून. तिसरं पाणी पारदर्शक बाटलीत अर्धं भरून जोरात हलवा. फेस लगेच बसला तर झालं, वर तरंगत राहिला तर चौथं पाणी घ्या. मशिन असेल तर जादा रिन्सचं बटण दाबा आणि ड्रम ठासून भरू नका. वाळल्यावर लंगोटावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर कापड मोकळं झालं. मण्यासारखा उभा राहिला तर खळ किंवा सॉफ्टनर अजून आत आहे, पुन्हा धुवा.

अपार्टमेंटला बोअरचं पाणी असेल तर वडीचा साबण वापरू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा चिकट साका होतो आणि तो कितीही खळबळला तरी धाग्यात राहतो. कपडा वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो तो यामुळेही. निदान शेवटची दोन पाणी नळाची घ्या.

कुंचीवर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागला तर आतून धुतलेल्या मलमलीची टोपी घाला. कुंचीची जरीची तार कातडीला लागायला नको.

आणि 'बेबी' हा शब्द छापला म्हणून लिक्विड सौम्य होत नाही. उघडल्या उघडल्या खोलीभर वास सुटत असेल तर ठेवून द्या. अॅलर्जी आणणाऱ्या गोष्टींत सुगंध फार वरच्या नंबरला आहे.

तरी लाली आलीच, तर ती कुठं आहे ते बघा. कापड घासतं तिथं, म्हणजे गळपट्टी, काखेची शिवण, कमरेची नाडी इथं असेल तर संशय कपड्यावर. असे कपडे दोन-तीन दिवस बंद करून साध्या पाण्यात पुन्हा काढा आणि फरक पडतो का बघा. जांघेच्या घडीत खोलवर लाल आणि भोवती सुटे ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी, ती धुण्यानं जायची नाही. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत अंगभर येणारे आणि आपोआप जाणारे लाल डाग वेगळे, त्यांचा कपड्याशी संबंध नसतो. पाणी किंवा पू भरलेले फोड, ताप, दूध सोडणं किंवा अंग पिवळं पडणं यांतलं काहीही दिसलं तर साबण बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.