आवाज सगळ्यात उशिरा फुटतो, हे पंगतीला कोण सांगणार?

आज आखाजीच्या जेवणाला आम्ही सारे गावी जमलो होतो. आमरस वाढला जात असताना माझ्या 14 वर्षांच्या भाच्याने आणखी एक कुरडई मागितली आणि शेजारच्या पानावरील काकांनी साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "का रे, तुना आवाज आजून पोरीसारखा शे?" पंगत हसली. पोराने कुरडई पानातच ठेवली, हात धुतला आणि तो माळवदावर जाऊन बसला. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, तरी त्या क्षणी मला काहीही बोलता आले नाही. त्या हसण्याने मला थेट माझ्या शाळेच्या पटांगणावर नेऊन उभे केले होते.

मी शाळेत प्रार्थना म्हणत असे. आवाज बारीक आणि गोड होता म्हणून पाचवीपासून तो मान माझ्याकडे होता. नववीत वर्गातील बहुतेक मुलांचे आवाज फुटले आणि माझा फुटला नाही, तेव्हा त्याच मानाची थट्टा झाली. आईने घाबरून मला एका वैद्याकडे नेले. त्याने "शक्ती येण्यासाठी" दिलेला कडू काढा मी चार महिने प्यायलो. त्या काढ्याने माझ्या जिभेची चव गेली, याखेरीज काहीही झाले नाही.

ज्यांच्या घरात 11 ते 16 वयाचा मुलगा आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मुलगा वयात आला की नाही हे आवाजावरून आणि मिसरुडावरून ठरवणारे लोक गोष्टीचे शेवटचे पान आधी वाचतात. मुलांमध्ये पहिली खूण वृषण मोठे होणे ही असते आणि ती कपड्यांच्या आत असल्यामुळे पंगतीला दिसत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवू लागते आणि त्यांच्यातील नलिका वाढून ते हळूहळू भरतात. त्याच सुमारास अंडकोशाची कातडी पातळ आणि किंचित लालसर होते. ही सुरुवात 9 व्या वर्षापासून 14 व्या वर्षापर्यंत केव्हाही झाली तरी ती सर्वसामान्य समजतात. म्हणजे एकाच बाकावरील दोन मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते आणि दोघेही पूर्ण निरोगी असू शकतात.

आम्ही हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत नाही. आमच्याकडे लंबगोल मण्यांची एक माळ असते. प्राडर नावाच्या स्विस बालरोगतज्ज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातील 12 मणी 1 मिलिलीटरपासून 25 मिलिलीटरपर्यंत चढत्या आकाराचे असतात. 4 चा मणी जुळला, म्हणजे वृषणाची लांबी साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत पोहोचली, की पौगंडावस्था सुरू झाली असे आम्ही लिहितो. त्यानंतर जांघेतील केस येतात आणि लिंगाची वाढ होते. उंचीची मोठी झेप त्यानंतरची असते. मुलींची उंची सुरुवातीलाच वाढते, मुलांची मात्र निम्मी वाट चालून झाल्यावर. म्हणूनच सातवी-आठवीत मुली उंच दिसतात आणि आया काळजीत पडतात.

आवाज फुटतो तो साधारण या झेपेच्या आसपास आणि नंतर. वृषणांनी बनवलेले टेस्टोस्टेरॉन बरेच दिवस रक्तात राहावे लागते. तेव्हा कुठे स्वरयंत्राची कूर्चा पुढे येते, कंठमणी दिसू लागतो आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. या नव्या तंतूंवर ताबा बसेपर्यंत काही महिने आवाज मध्येच चिरकतो. दाढी तर त्याच्याही मागून येते. एवढ्या लांबच्या रांगेत शेवटाजवळ उभ्या असलेल्या गोष्टीवरून भरल्या पंगतीत पोराची परीक्षा घेणाऱ्यांचा मला संताप येतो.

काकांचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य. परंतु माझ्या वर्गातील मुलांचाही नव्हता.

भाच्याचे सांगतो, त्याचीच परवानगी घेऊन. "नाव टाकू नको, मामा," एवढी त्याची एकच अट आहे. दीड महिन्यापूर्वी ताईने त्याला माझ्या एका सहकाऱ्याकडे दाखवले, तेव्हा माळेतील 8 चा मणी जुळला. केस येऊ लागले आहेत, आवाज जुनाच आहे. गेल्या आखाजीला त्याची उंची 142 सेंटिमीटर होती, आज 148 आहे. याचा अर्थ गाडी फलाटावरून निघालेली आहे, फक्त तिने अजून वेग घेतलेला नाही. या टप्प्यावरील मुलाची खरी झेप, म्हणजे वर्षाला 9-10 सेंटिमीटरपर्यंतची, बहुधा पुढेच असते आणि आवाजही तिच्या मागोमाग येतो. मी दाजींना विचारले, तेव्हा त्यांनी थोडे लाजत सांगितले, की ते स्वतः अकरावीला गेल्यावर उंच झाले. उशिरा वयात येणे बऱ्याचदा बापाकडूनच येते, पण बाप ते मुलाला सांगत नाहीत. माझ्या वडिलांनीही सांगितले नव्हते. त्यांना मिसरूड 18 व्या वर्षी फुटले होते, हे मला डॉक्टर झाल्यावर आत्याकडून कळले. तो काढा मी उगाच प्यायलो.

आजकाल काढ्याची जागा डब्यातील पावडरीने आणि कुणीतरी सुचवलेल्या इंजेक्शनाने घेतली आहे, ही अधिक गंभीर गोष्ट आहे. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने मिसरूड लवकर येते खरे, परंतु हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी वेळेआधी मिटू शकते आणि मुलगा कायमचा बुटका राहू शकतो. फारच उशीर झालेल्या मुलाला तज्ज्ञ थोड्या मात्रेत काही महिने हेच औषध देतात, हेही खरे आहे. मात्र ते हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहून आणि रक्त तपासून देतात, जिममधील मित्राच्या सांगण्यावरून नव्हे.

दाखवावे केव्हा? 14 वर्षे पूर्ण होऊनही वृषण वाढायला लागले नसतील तर, किंवा 9 वर्षांच्या आतच हे सारे सुरू झाले तर. सुरू होऊन मध्येच थांबल्यासारखे वाटले तरीही दाखवावे. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणे नेहमीचे आहे. परंतु एका बाजूला अचानक तीव्र वेदना उठली, तर लाज धरून सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. पीळ बसलेले वृषण वाचवायला जेमतेम सहा तास हातात असतात.

आणखी एक गोष्ट मला लिहायची नव्हती, पण लिहितो. त्या वर्षी मी विहिरीवर पोहायला जाणेही सोडले होते. स्तनाग्राखाली बोराएवढी दुखरी गाठ आली होती आणि बनियन काढायची मला भीती वाटत असे. वयात येणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना असे होते आणि बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. माझेही विरले. एवढे एक वाक्य तेव्हा कुणी सांगितले असते, तर दोन उन्हाळे वाया गेले नसते.

दुपारी मी माळवदावर जाऊन भाच्याला हे सारे सांगितले, प्रार्थनेचे सुद्धा. दहावीच्या वर्षी एका सकाळी दुसऱ्याच ओळीला माझा आवाज चिरकला, सारे पटांगण हसले आणि त्या दिवशी मला ते हसणे पेढ्यासारखे गोड लागले होते. तो थोडा हसला. मग खाली येऊन मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. गेल्या वर्षीच्या कोळशाच्या रेघेवर चार बोटे जागा सोडून मी नवी रेघ ओढली, आणि तिच्याखाली आजची तारीख त्याने स्वतः लिहिली.